भिंतीवरची पाटी काढताना पॉलिगोनल लॅसोची रेघ नेमकी कुठे मारायची

माझी एक मैत्रीण जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांची रेखाटनं करते. तिला एका विटांच्या इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो हवा होता, पण त्यावरची लांबलचक निळी पाटी नको होती. ती म्हणाली, "अगं, पाटी पुसलेली कळली तरी चालेल, पण विटांच्या रेघा तुटलेल्या दिसता कामा नयेत." या एका अटीमुळे मी फोटोशॉपमधला हा साधा लॅसो फार बारकाईने वापरायला शिकले.

पाटीच्या कडा सरळ आणि कोपरे टोकदार, म्हणजे पॉलिगोनल लॅसोच वापरायचा हे ठरलेलंच होतं. पण पहिला क्लिक करायच्या आधी भिंगामुळे पडलेला बाक काढावा लागतो. पाटीची वरची कड साधारण 2400 पिक्सेल लांब होती. तिच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ मारून पाहिली तर मधोमध ती सात-आठ पिक्सेल वर फुगलेली होती. पडद्यावर पूर्ण फोटो बघताना हे दिसतच नाही. लॅसो दोन क्लिकांमध्ये काटेकोर सरळ रेघ मारतो, त्यामुळे अशा बाकदार कडेवर तो टोकांना बरोबर बसतो आणि मध्ये पाटीची चंद्रकोरीसारखी पट्टी बाहेर ठेवतो. मध्ये आणखी क्लिक करून बाक गाठता येतो, पण मला तो उपाय आवडत नाही, कारण पुढे विटांचे थर जुळवताना तोच बाक परत आडवा येतो. मी `Filter > Lens Correction` मध्ये जाऊन बाक काढला आणि तिथेच `Vertical Perspective` ने उभ्या रेघा खरोखर उभ्या केल्या. या दुसऱ्या गोष्टीचा उपयोग पुढे कळेल.

मग लॅसो घेतला. वरच्या पट्टीत `Feather` शून्य आहे ना आणि `Anti-alias` ला टिक आहे ना, हे आधीच बघायचं. आधीच्या कामातला फेदरचा आकडा तिथे तसाच राहतो आणि सिलेक्शन करून झाल्यावर तो बदलून काही होत नाही. फोटो 200 टक्क्यांवर मोठा केला आणि `Caps Lock` दाबून कर्सरचं बारीक अधिकचिन्ह करून घेतलं, कारण लॅसोच्या चित्राचं टोक नेमकं कुठे आहे हे कोपऱ्यावर समजत नाही. एवढं मोठं केल्यावर पाटीचं दुसरं टोक पडद्याबाहेर जातं. सिलेक्शन चालू असतानाच `Space` दाबून धरली की फोटो सरकवता येतो आणि रेघ तुटत नाही. क्लिक चुकीच्या जागी पडला तर `Delete` दाबायचं, तेवढाच एक बिंदू मागे जातो. पण गडबडीत डबल क्लिक होऊ द्यायचा नाही, कारण तसं झालं की लॅसो तिथून थेट सुरुवातीच्या बिंदूपर्यंत रेघ ओढून सिलेक्शन बंद करतो.

आता खरा प्रश्न: रेघ कडेवर मारायची, आत मारायची की बाहेर? एखादी वस्तू कापून दुसरीकडे न्यायची असेल तर रेघ किंचित आत घेतात. वस्तू पुसायची असेल तर नेमकं उलट. 200 टक्क्यांवर पाटीच्या कडेकडे नीट पाहिलं तर निळा रंग संपून लगेच वीट सुरू होत नाही. मध्ये दोन-तीन पिक्सेल निळसर तपकिरी असतात, आणि कॅमेऱ्याने फोटो धारदार केलेला असेल तर त्याच्याही बाहेर एक फिकट रेघ असते. रेघ बरोबर कडेवर मारली तर हे पिक्सेल मागे राहतात. वर अँटी-अलायझिंगमुळे कडेचे पिक्सेल अर्धवटच निवडले जातात, ते अर्धवटच पुसले जातात, आणि पाटी गेल्यावर तिच्या आकाराची एक केसाएवढी चौकट भिंतीवर उरते. म्हणून वर, खाली आणि डावीकडे मी रेघ पाटीच्या चार पिक्सेल बाहेर मारली. तिकडे नुसती भिंतच होती आणि ती नाहीतरी नव्याने भरायचीच होती.

उजवीकडे मात्र असं करता येत नव्हतं. तिथे पाटी भिंतीतून पुढे आलेल्या दगडी खांबाला टेकली होती, आणि खांब तर ठेवायचा होता. रेघ पाटीच्या बाजूला ठेवली तर निळी किनार राहते, चार पिक्सेल बाहेर नेली तर खांबाची धार खाल्ली जाते. मी तिथे रेघ खांबात दोनच पिक्सेल आत नेली. तेवढी खांबाची धार नव्याने लावावी लागणार हे गृहीत धरलं, कारण पाटीच्या खाली तोच खांब पुढे चालू होता आणि तिथली धार स्वच्छ होती.

डाव्या खालच्या कोपऱ्यावर एका झाडाची दोन पानं पाटीच्या पुढे आली होती. तिथे `Alt` दाबून धरून माउस ओढला की हाच लॅसो मोकळ्या हाताने फिरतो, आणि `Alt` सोडली की परत सरळ रेघांवर येतो. दुसरं टूल घ्यावं लागत नाही.

पाटी पुसताना तिची सावली मागे राहून जाणं फार सहज होतं. पाटी भिंतीपासून थोडी सुटी होती, त्यामुळे खाली जवळजवळ एक थरभर सावली पडली होती. `Shift` दाबून पहिला क्लिक केला की नवा भाग आधीच्या सिलेक्शनला जोडला जातो. पण पहिला क्लिक झाल्याबरोबर `Shift` सोडायची. दाबूनच ठेवली तर रेघ 45 अंशांच्या पटीतच वळते आणि तिरक्या पाटीवर काहीच बसत नाही. सावली घेऊन झाल्यावर लगेच `Select > Save Selection` करून ठेवलं.

पाटी मी खरोखर डिलीट केलीच नाही. `Background` लेयरवर `Delete` दाबलं तर फोटोशॉप फिलची खिडकी उघडतं, साध्या लेयरवर दाबलं तर भोक पडतं आणि मागे फिरायची वाट संपते. मी `Ctrl+D` ने सिलेक्शन सोडून `Ctrl+J` ने पूर्ण लेयरची प्रत केली, जपलेलं सिलेक्शन परत आणलं आणि `Alt` दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक केलं. असं केलं की निवडलेला भागच झाकला जातो. मग मूळ लेयरचा डोळा बंद करून खाली भडक हिरव्या रंगाचा एक लेयर टाकला. ही तपासणी मी कधीच टाळत नाही. विटांच्या रंगावर उरलेली निळी किनार डोळ्याला सापडत नाही, पण हिरव्यावर ती लगेच उठून दिसते. वरच्या कडेला एका खिळ्याचं डोकं चौकटीबाहेर डोकावत होतं, ते तिथेच दिसलं आणि मास्कवर काळ्या ब्रशने झाकून टाकलं.

भोक भरायला आधी `Edit > Content-Aware Fill` वापरून पाहिलं. साध्या प्लास्टरच्या भिंतीला ते पुरतं, पण इथे विटांच्या दरजा लाटांसारख्या हलल्या आणि एका जागी खिडकीच्या चौकटीचा तुकडाच येऊन बसला. नमुन्याच्या हिरव्या भागातून खिडक्या वगळल्यावर तुकडा गेला, लाटा राहिल्या. म्हणून भिंत भिंतीवरूनच घ्यायची ठरवली.

पाटी आणि सावली मिळून सात थर झाकले गेले होते. बरोबर वर आठ थर मोकळी भिंत होती. त्या आठ थरांभोवती परत पॉलिगोनल लॅसो फिरवला, पण या वेळी रेघ दरजेच्या मधोमध नेली, म्हणजे जोड चुन्याच्या रेघेत लपतो. तुकडा `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घेतला आणि मास्कवाल्या लेयरच्या खाली ठेवला. तो बरोबर आठ थर खाली आणायचा होता. आकडा समच हवा: विटा सांधेमोड करून रचलेल्या असतात, एका थरातली उभी दरज पुढच्या थरात विटेच्या मध्यावर येते आणि दोन थरांनी परत त्याच जागी. विषम थरांनी सरकवलं तर जोडाच्या जागी उभ्या दरजा एकावर एक येतात, आणि ते कुणालाही खटकतं.

फोटो बाजूने काढलेला असल्यामुळे थराची उंची डाव्या टोकाला 64 पिक्सेल होती आणि उजव्या टोकाला 57. आठ थर म्हणजे डावीकडे 512 पिक्सेल खाली, उजवीकडे 456. तुकडा 512 खाली आणला की उजवी बाजू 56 पिक्सेलनी जास्त उतरते. `Edit > Transform > Skew` घेऊन उजवीकडचा मधला चौकोन तेवढा वर उचलला आणि सगळे थर आपापल्या रेघेत गेले. उभ्या रेघा आधीच उभ्या केल्या होत्या म्हणूनच हे इतकं सरळ झालं. त्या तशा असतील तर एकाच उभ्या ओळीत वरच्या आणि खालच्या थरांची उंची सारखी असते, विटांची रुंदीही तीच असते, फक्त आडव्या रेघांचा उतार बदलतो. उभ्या रेघा वर मिटत गेलेल्या असत्या तर `Distort` घेऊन चारही कोपरे वेगवेगळे ओढावे लागले असते.

वरची भिंत जरा उजळ होती, तेव्हा तुकड्यापुरताच एक कर्व्ह्ज लेयर लावून ती खालच्या भिंतीइतकी उतरवली. एक काळपट वीट वर आणि खाली दोन्हीकडे दिसत होती, तिच्यावर क्लोन स्टँपने शेजारची वीट घेतली. खांबासाठी खालच्या स्वच्छ धारेची अरुंद पट्टी कापून सगळ्यात वर, त्या दोन पिक्सेलवर बसवली. राहिले होते ते पाटीच्या खिळ्यांखालून ओघळलेले गंजाचे डाग. ते सावलीच्याही खाली उतरले होते आणि पाटी गेल्यावर उगाच लक्ष वेधत होते, म्हणून वेगळ्या लेयरवर हीलिंग ब्रशने काढले.

मैत्रिणीला मी फाइल लेयरसकटच दिली आणि भरलेल्या तुकड्याच्या लेयरला "अंदाजाने भरलेली भिंत" असं नाव दिलं. पाटीमागे बंद केलेलं एखादं झरोकं किंवा दगडाची पट्टी असू शकते, ते फोटोतून कळायला मार्ग नाही. तिने रेखाटनात तेवढा भाग तुटक रेघेने दाखवला आहे.