बेलमची गुहा: 'साल में एक इंच' या थापेला भुलू नका

आंध्र प्रदेशातल्या बेलमला जायला ताडिपत्रीहून केलेल्या गाडीचा माणूस गुहेत आमच्यासोबत गाइड बनूनच शिरला. छताला लोंबणाऱ्या मीटरभर लांबीच्या लवणस्तंभावर टॉर्च मारून म्हणाला, "साल में एक इंच बढ़ता है।" आमच्यातले मामा लगेच माना डोलवायला लागले, "बरोबरे की, आमच्या टाकीच्या स्लॅबखाली दोन-तीन सालांत बोटाएवढं आलंय." वर्षाला एक इंच खरं धरलं तर तो मीटरभर लांब स्तंभ चाळीस वर्षांचा ठरतो. साफ खोटं आहे.

चुनखडीच्या गुहेत वाढीचा वेग साधारण दरवर्षी मिलिमीटरचा दहावा भाग धरतात. कुठे त्याहून बराच कमी, कुठे बराच जास्त. म्हणजे एक इंचाला अडीचशे वर्षं आणि मीटरला दहा हजार. तेही थेंब एवढी वर्षं अखंड पडत राहिला तर.

मामांच्या टाकीचं मात्र खरं आहे, पण ते प्रकरण वेगळं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि लगेच कॅल्साइट होऊन बसतो. म्हणून तिथे गुहेपेक्षा शेकडो पट वेगाने लोंबी येते. गुहेत उलटं घडतं. पावसाचं पाणी आधी मातीतून झिरपतं. मुळं आणि जिवाणूंमुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. तो घेऊन पाणी किंचित आंबट होतं आणि भेगांमधून उतरताना चुनखडी विरघळवत येतं. छताशी पोचलं की गुहेच्या हवेत हा वायू कमी असल्यामुळे थेंबातून बाहेर पडतो, आणि पाण्याला न पेलणारा कॅल्साइट मागे राहतो. पाणी वाळल्यामुळे स्तंभ होतात असं बरेच जण सांगतात. आत दमट हवेत शर्ट पिळून निघतो, तिथे पाणी कसलं वाळतंय?

चालू थेंब दिसला तर थांबा. आम्हाला एका कोपऱ्यात एकच सापडला. स्तंभाच्या टोकाला सोडा प्यायच्या स्ट्रॉसारखी पातळ पोकळ नळी, तिच्या तोंडावर थेंब. थेंबाच्या कडेने कॅल्साइटचं बारीक कडं बसतं, थेंब पडतो, पुढचा त्याच कड्यावर येतो आणि नळी केसभर लांबते. नळी तुंबली की पाणी बाहेरून ओघळतं आणि ती गाजरासारखी जाड होते. खाली पडलेला थेंब उरलासुरला वायू सोडून तिथेही थर ठेवतो. तो शिंतोडत पडतो, म्हणून खालचा स्तंभ रुंद, बोथट डोक्याचा असतो आणि त्याच्या पोटात नळी नसते.

आम्ही पाहिलेले बहुतेक स्तंभ कोरडे होते. ओळख सोपी: चालू स्तंभ ओला, चकचकीत, टोकाला थेंब. थांबलेला स्तंभ निस्तेज, धुळकट. हाताच्या उंचीवरचे तर काळे तुळतुळीत झालेत. हाताचं तेल लागलं की नवा थर नीट धरत नाही, आणि लोक रांगेने हात फिरवत जातात. दिव्यांजवळची हिरवी बुरशीसारखी साय म्हणजे उजेडावर वाढलेलं शेवाळ. रंगीत दिवे कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे, कॅल्साइटचा मूळ रंगच कळत नाही. स्वतःचा पांढऱ्या उजेडाचा टॉर्च न्या.

पाताळगंगेची वाट ही खरी परीक्षा. प्रवेशद्वारापासून ४६ मीटर खोल. बाहेरून हवा सोडायची सोय आहे, तरी या टप्प्यात जीव कासावीस होतो. खाली दिसतो तो पाण्याचा छोटा झरा. बीपी-दम्याच्या माणसाने तिकडे जाऊच नये, तेवढा वेळ कोटिलिंगालूच्या दालनात घालवावा. लिंगांसारखे असंख्य स्तंभ तिथे उभ्याउभ्या बघता येतात. परत वर येताना माझं डोकं गरगरत होतं, त्यामुळे सिंहद्वार या सिंहाच्या डोक्यासारख्या दिसणाऱ्या कमानीबद्दल मला धड काही सांगता येणार नाही.

आपल्याकडे मराठवाड्यात असलं काही का नाही, हे मुलांनी विचारलं. आपला खडक बेसॉल्ट, लाव्ह्याचा. पाण्याने विरघळून मोठ्या पोकळ्या व्हाव्यात असा तो नाही. वेरूळ-अजिंठा छिन्नीने कोरलेत, म्हणून तिथे लवणस्तंभ शोधू नका.

सोलापूरहून गुंटकलमार्गे चेन्नईकडे जाणारी गाडी धरा, पण ती ताडिपत्रीला थांबते का ते आधी बघा. तिथून गाडी ठरवताना जाणं-येणं आणि वेटिंग मिळून एकच रक्कम बोला. आमच्याकडून वेटिंगचे वेगळे घेतले, शिवाय 'गाइड'चे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास जा, थेंब पडताना दिसण्याची आशा तेव्हाच. मे महिन्यात जाणार असाल तर सरळ रद्द करा.