नळ धरून उठायचं

वडिलांनी टेबलावर कॅरीबॅग उपडी केली आणि कागदांचा ढीग पडला. सोनोग्राफी, थायरॉइड, तीन सीबीसी, स्किनच्या डॉक्टरांची चिठ्ठी, कुणा डाएटिशियनचा तक्ता. तासगावच्या बाजूचे द्राक्षबागायतदार, ऐन छाटणीच्या दिवसांत बाग सोडून सांगलीला आलेले. "रेक्टरबाईंनी फोन केला साहेब. म्हणल्या, पोरीच्या अंगावर काळंनिळं दिसतंय, तिला कुणी मारतंय का बघा."

पोरगी शेजारी बसली होती. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, होस्टेलला राहायची. तिला ऋतुजा म्हणू, खरं नाव नाही. ती वर बघत नव्हती. चेहरा गोल, गाल लालबुंद, हनुवटीवर मुरमं. दंडावर जांभळट डाग, पोटरीवर दोन, आणि कोपराच्या आत, जिथं आधीच्या लॅबनं रक्त काढलं होतं तिथं तळहाताएवढं रक्त साकळलेलं. मी मुद्दाम वडिलांना बाहेर बसवलं, सिस्टरांना थांबवून घेतलं आणि विचारलं. कुणी मारत नव्हतं. बाकाचा कोपरा लागला तरी डाग पडायचा.

प्लेटलेट २ लाख ८० हजार, रक्त गोठायच्या तपासण्याही नॉर्मल. म्हणजे रक्तात दोष नाही, आणि मग दोष कातडीत असतो. मी तिच्या मधल्या बोटाच्या मागची चिमूट धरली. वीस वर्षांच्या मुलीची कातडी तिथं चांगली जाड लागते. ही सिगारेटच्या कागदासारखी होती. बारीक रक्तवाहिन्यांना आधार देणारं कोलॅजनच झिजलं की साध्या धक्क्यानं त्या फुटतात. बीपीचा पट्टा सोडला तर त्याखाली लाल ठिपके उमटलेले. बीपी १५६/१०४.

मग मी तिला म्हटलं, उकिडवी बस आणि हात न टेकता उठ. बसली. उठता येईना. दोनदा प्रयत्न केला आणि टेबलाचा पाय धरला. खाली बघत म्हणाली, "सर, होस्टेलला संडासात मी नळ धरून उठते. एकदा नळच हातात आला."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. वजन वाढलेल्या माणसाला दम लागतो, गुडघे दुखतात. पण विशीत मांड्यांतलं बळ जात नाही. तिचं पोट आणि मान भरलेली, मानेच्या मागे उंचवटा, आणि हातपाय मात्र काड्या. सिस्टरांनी पोट बघितलं आणि मला बोलावलं. बोटाएवढ्या रुंद जांभळ्या रेघा. वजन वाढल्यावर पडणाऱ्या साध्या रेघा बारीक असतात आणि पुढं पांढऱ्या होतात. या ताज्या जखमेसारख्या दिसत होत्या. ती आठ महिने मैत्रिणींसमोर कपडे बदलत नव्हती.

एवढं दिसल्यावर आपल्याकडं पहिला संशय बाहेरच्या स्टिरॉइडवर घ्यायचा. असा गोल चेहरा मी दरवर्षी बघतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मागं काहीतरी सापडतं: आठवडी बाजारातली सांधेदुखीची पुडी, वजन वाढवायची पावडर, नाहीतर मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेली गोरं व्हायची क्रीम. म्हणून मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळ्या शब्दांत. घरात आजी गुडघ्यासाठी पुड्या खायची, तेवढंच निघालं. ऋतुजानं काही घेतलेलं नव्हतं. म्हणजे तिचं शरीर स्वतःच कॉर्टिसॉल, शरीराचं आपलं स्टिरॉइड, जास्त बनवत असणार. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या बारीक गाठीशी जोडलेला आजार तो हाच. दहा लाख माणसांत वर्षाला दोन-तीन. मी पुस्तकाबाहेर एकदाच बघितला होता, तोही शिकाऊ असताना.

मोठ्या हौसेनं मी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची टेस्ट लावली. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी ८ ला रक्त. निरोगी माणसाची पिट्यूटरी या गोळीला फसते, बाहेरून माल आलाय म्हणून गप्प बसते, आणि सकाळचं कॉर्टिसॉल १.८ च्या खाली जातं. ऋतुजाचं आलं १६.२. मी तिथल्या तिथं पुण्याच्या हार्मोनच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. आकडा सांगताना माझ्या आवाजात थोडा दिमाख असणार. त्यांचा पहिलाच प्रश्न: "पाळीच्या गोळ्या चालू आहेत का?"

कागदांच्या ढिगात चिठ्ठी होती. पीसीओडी म्हणून दहा महिने हार्मोनच्या गोळ्या. मी ती वाचली होती आणि तिचा अर्थ मनात आणला नव्हता. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळं यकृत कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. रक्ताची तपासणी धरलेलं आणि सुटं असं सगळं मिळून मोजते, त्यामुळं आकडा उगाच फुगतो. म्हणजे माझा १६.२ खराही असू शकत होता आणि गोळ्यांचाही. गोळ्या बंद करून सहा आठवडे थांबा, आणि तोवर चोवीस तासांची लघवी तपासा, असं त्या म्हणाल्या. लघवीत फक्त सुटं कॉर्टिसॉल उतरतं, गोळ्यांचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही.

पीसीओडीबद्दल एक बोलून घेतो. आमच्याकडं वजन वाढलेली, पाळी चुकलेली, मुरमं आलेली मुलगी दिसली की हा शब्द आधी लिहिला जातो आणि मग सोनोग्राफी होते. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो, आणि घोळ त्यामुळंच होतो.

लघवी गोळा करणं ऐकायला सोपं वाटतं. पाच लिटरचा कॅन द्यायचा. रविवारी सकाळी ७ ची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, सोमवारी सकाळी ७ ची धरून. मी कागदावर लिहून दिलं. सोमवारी कॅन आला, त्यात साडेसहाशे मिली. लॅबला मी क्रिएटिनिनही सांगून ठेवलं होतं. ते रोज साधारण तेवढंच पडतं, त्यामुळं चोवीस तास पुरे झाले की नाही ते कळतं. तिच्या वजनाला हजाराच्या आसपास यायला हवं होतं, स्नायू झिजलेत म्हणून थोडं कमी धरू. आलं ३४०. कॉर्टिसॉल नॉर्मल! क्रिएटिनिन मागितलं नसतं तर मी "कुशिंग नाही" असं लिहून तिला परत पाठवलं असतं.

मी तिला बोलावलं. आधी म्हणाली, सगळी गोळा केली. मग म्हणाली, "सर, तो पांढरा कॅन घेऊन कॉमन बाथरूमला कसं जाणार? सगळ्या विचारतात." चूक तिची नव्हती. ही टेस्ट होस्टेलवर करायला सांगणारा मी होतो. पुढच्या शनिवारी ती गावी गेली आणि आईनं कॅन न्हाणीघरात ठेवून पहारा दिला. १९०० मिली, क्रिएटिनिन ८८०, कॉर्टिसॉल ३१२. त्या लॅबची वरची मर्यादा ५० होती. कॉर्टिसॉल रोज कमीजास्त होतं म्हणून आणखी एकदा केलं, २६८ आलं. गोळ्या थांबवून सहा आठवड्यांनी पुन्हा डेक्सामेथासोन दिलं, तेव्हाही १३.८. आता शंका उरली नाही. मधल्या काळात बीपीचं औषध आणि पोटॅशियम चालू केलं होतं, पोटॅशियम ३.१ वर आलेलं.

आता उगम शोधायचा. कॉर्टिसॉल बनतं मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींत, आणि ते बनवायचा हुकूम पिट्यूटरी एसीटीएच या हार्मोननं देते. एसीटीएच कमी असेल तर दोष अॅड्रिनलमध्ये, जास्त असेल तर बहुधा पिट्यूटरीत. पण एसीटीएच हे नाजूक प्रकरण आहे. नमुना बर्फात ठेवायचा, लगेच थंड मशीनमध्ये फिरवायचा, गोठवून पाठवायचा. आमच्या इथल्या कलेक्शन सेंटरच्या पोरानं तो शर्टाच्या खिशातून नेला. मी डोळ्यांनी बघितलं, आणि तरी रिपोर्टची वाट बघत बसलो. ९ आला. नुसता कागद बघितला असता तर अॅड्रिनलचा सीटी स्कॅन सांगितला असता. पुण्यात बर्फात घेतलेला नमुना ७१ आला.

पुढचं पुण्या-मुंबईला झालं. एमआरआयमध्ये पिट्यूटरीच्या डाव्या बाजूला ५ मिलिमीटरची गाठ दिसली. एवढीशी गाठ काहीही त्रास नसलेल्या दहातल्या एखाद्या माणसातही सापडते, म्हणून तेवढ्यावर नाकातून सुरी घालत नाहीत. मांडीच्या शिरेतून नळी वर नेऊन पिट्यूटरीचं रक्त जिथं उतरतं तिथूनच नमुने घेतले. एसीटीएच तिथूनच येत होतं. मग ऑपरेशन.

तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन, घाबरलेले. "साहेब, कॉर्टिसॉल एक पॉइंट एकच आलंय. आता ते संपलंच का?" मी म्हटलं, दादा, याच बातमीची आपण वाट बघत होतो. गाठीच्या दडपणाखाली निरोगी पेशी इतके दिवस झोपलेल्या असतात. गाठ गेली की त्यांना जागं व्हायला महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉल, बाहेरून द्यायचं आणि एक दिवसही चुकवायचं नाही. ताप आला तर डोस दुप्पट, उलटी होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन. ज्या मुलीला कॉर्टिसॉल जास्त म्हणून वर्षभर पळवलं, तिलाच आता ते खिशात ठेवून हिंडायला लागतं. होस्टेलच्या मैत्रिणींना हे समजावता समजावता ती कंटाळली. ऑपरेशननंतर दोन महिने अंग इतकं दुखायचं की "आधीच बरं होतं" असंही एकदा म्हणाली.

गेल्या महिन्यात आली होती. ७८ वरून ६६ किलो. सांगायच्या आधीच उकिडवी बसली आणि हात न टेकता उठली. रेघा अजून आहेत, रंग मात्र उतरलाय.

वडील बाहेर जाता जाता दारात थांबले. "साहेब, एक विचारू का? आधी आलो होतो आपण तुमच्याकडं. तवाच कळलं असतं का हो?"

कॅरीबॅगेतल्या ढिगाच्या अगदी तळाशी माझाच कागद होता, निदानाच्या चौदा महिने आधीचा. अक्षर माझं. वजन ६४, थकवा, पाळी अनियमित, टीएसएच नॉर्मल. "तेलकट बंद, रोज चालणे, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा." त्या दिवशी ओपीडीत किती पेशंट होते, मला आठवत नाही. तेव्हा रेघा होत्या का, ती उकिडवी उठू शकत होती का, हे विचारल्याची नोंद नाही. कागदावर बीपीची जागा रिकामी आहे. मी बीपी बघितलं आणि लिहायचं राहिलं, की बघितलंच नाही, हे आठवायचा मी बरेचदा प्रयत्न केला.

वडिलांना मी म्हटलं, "माहीत नाही, दादा." ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यायला काउंटरवर गेले.