`resume (7).pdf` नेमका कुणाचा?

महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी भरतीचं काम बघते. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी आलेले अर्ज एका फोल्डरमध्ये उतरवले, तर तिथे `resume.pdf`, `resume (1).pdf`, `resume (2).pdf` अशी रांगच लागली. त्याच नावाची फाइल पुन्हा आली की ब्राउझर पुढे आकडा लावतो. पाठवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर `resume` एकच असतो आणि तो त्याचाच असतो. आमच्याकडे तो कुणाचाही असू शकतो.

निवडक मेल मी फायनान्सच्या सरांना फॉरवर्ड केले होते. दुपारी दोन मेलांना त्यांची उत्तरं आली: ‘आजच बोलवा.’ मेलला उत्तर दिलं की त्यासोबतची फाइल मागेच राहते, खालचा मजकूर मात्र येतो. पहिल्या मेलच्या मजकुरात एक ओळ होती: ‘सोबत माझा रिझ्युमे जोडला आहे: `Sneha_Patil_Accounts_Assistant.pdf`, दोन पानं.’ (नाव बदललं आहे.) ते नाव फोल्डरच्या शोधपट्टीत टाकलं आणि फाइल लगेच समोर आली. शिवाय अशी ओळ असली की फाइल जोडायची राहून गेली तरी आम्हाला कळतं आणि आम्ही ती मागून घेतो. कोऱ्या मेलवरून तसं काहीच कळत नाही.

दुसऱ्या मुलाचा मेल कोराच होता. सर म्हणाले, ‘अगं, तो जीएसटी रिटर्न भरणारा मुलगा.’ मी फोल्डरमध्ये `GST` शोधलं, तर त्याची फाइल आलीच नाही. एकेक उघडत गेले तेव्हा ती `resume (7).pdf` निघाली. छापील कागदाचा मोबाइलने फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली! अशा फाइलमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं, त्यामुळे शोध लागत नाही. हे ओळखायला सोपं आहे: माउसने एखादी ओळ निवडून बघायची. शब्द निवडले गेले नाहीत तर ते चित्र समजावं.

मुलगा हुशार होता, म्हणून मी फोनवर त्याला सगळं नीट सांगितलं. वर्डच्या मूळ फाइलवरूनच ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवड. पीडीएफमध्ये मांडणी हलत नाही; वर्डची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल तर विस्कटते. नावात स्वतःचं नाव, आडनाव आणि पद एवढंच घाल, `final2` नको. कन्सल्टंटने वर्ड मागितलं तर मात्र वर्डच दे. त्यांना तुझा नंबर काढून स्वतःचं लेटरहेड लावायचं असतं. आणि जाहिरातीत फॉरमॅट दिला असेल तर तोच पाळ.

‘मॅडम, मेलमध्ये लांबलचक लिहू का?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘नको रे. कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते लिही आणि सोबत कोणती फाइल आहे, ते तिच्या नावानिशी एका ओळीत.’

संध्याकाळी त्याचा मेल आला. फाइलमध्ये `GST` शोधलं, या वेळी सापडलं. मी ती तशीच सरांकडे पाठवली.