एकच प्रस्ताव, दोन ईमेल : माझा अनुभव

आमची कंपनी पुरवठादारांची बिले तपासणारे सॉफ्टवेअर तयार करते. खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि प्रत्यक्ष बिल हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे ते पाहते. अनोळखी व्यक्तींना पहिला ईमेल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी एकच मजकूर तयार केला आणि फक्त नाव बदलून तो मोठ्या कंपन्यांच्या वित्तप्रमुखांना आणि स्टार्टअपच्या संस्थापकांना पाठवला. सुरुवातीला ‘माननीय महोदय’, मग आमच्या कंपनीची ओळख आणि शेवटी ‘अर्ध्या तासाच्या भेटीसाठी सोयीची वेळ कळवावी’ अशी विनंती होती.

एका संस्थापकाने उत्तर दिले, “हे सगळ्यांना पाठवलंय ना? माझ्यासाठी यात नेमकं काय आहे?” मला वाटले, सूर फारच औपचारिक झाला. म्हणून पुढच्या खेपेस मी तो सैल केला, आणि चूक अशी केली की तो दोन्हीकडे सैल केला. ‘एक छोटासा प्रश्न’ असा विषय असलेला ईमेल एका वित्तप्रमुखांकडे गेला. त्यांच्या स्वीय सहायकांनी नम्रपणे कळवले की, विषय आणि पाठवणाऱ्याचे पद स्पष्ट नसल्यामुळे हा ईमेल साहेबांपुढे ठेवता येत नाही.

त्या एका ओळीने माझा प्रश्नच बदलला. तोवर मी आदरार्थी शब्द किती असावेत, एवढाच विचार करत होतो. आता लक्षात आले की वरिष्ठांना लिहिलेला ईमेल बहुधा आधी दुसरेच कोणी वाचते, आणि पसंत पडला तर तो खालच्या अधिकाऱ्याकडे पाठवला जातो. म्हणजे तो मला न ओळखणाऱ्या तिसऱ्या माणसालाही सुटा वाचून कळला पाहिजे. संस्थापक मात्र स्वतःच, बहुधा फोनवर, वाचतात आणि उघडण्याआधी त्यांना विषय व पहिली ओळ एवढेच दिसते. तिथे आमच्या कंपनीची ओळख असली की ईमेल उघडलाच जात नाही.

मग मी दोन स्वतंत्र मसुदे केले. वित्तप्रमुखांसाठी विषय ठेवला ‘पुरवठादारांच्या बिलांची जुळणी : आपल्या विभागासाठी प्रस्ताव’. मजकूर असा होता : “आपल्या वार्षिक अहवालात नवीन कारखान्याचा उल्लेख आहे. पुरवठादार वाढल्यावर बिलांची जुळणी हाताने होत असल्यास, महिनाअखेरीस हिशेब बंद करताना न जुळलेली बिले शिल्लक राहतात. हे काम आपल्या विभागात ज्यांच्याकडे असेल, त्यांचे नाव कळवल्यास मी त्यांच्याशी संपर्क साधेन.” खाली पूर्ण नाव, पद आणि दूरध्वनी क्रमांक दिला. भेटीची मागणी मुद्दाम काढली, कारण वरिष्ठांना वेळ देण्यापेक्षा योग्य माणसाचे नाव देणे सोपे असते.

संस्थापकांसाठी ‘नमस्कार’ आणि पुढे फक्त पहिले नाव : “हिशेबासाठी पहिली नेमणूक करत असल्याची तुमची जाहिरात पाहिली. तोवर बिले तुम्हीच मंजूर करत असाल, तर एकच बिल दोनदा भरले जाऊ शकते. असे कधी झाले आहे का? हो किंवा नाही एवढे कळवले तरी पुरे.” कंपनीची ओळख सहीखालच्या एका ओळीत आली. यात विनोद किंवा ओढूनताणून आणलेली सलगी नव्हती. अनौपचारिक लिहिणे म्हणजे जुनी ओळख असल्यासारखे लिहिणे नव्हे, असे माझे ठाम मत आहे. खोटी जवळीक वाचणाऱ्याला ‘महोदय’पेक्षाही लवकर खटकते.

काही दिवसांनी एका कंपनीच्या उपव्यवस्थापकांचा फोन आला. वित्तप्रमुखांनी माझा ईमेल “कृपया पाहावे” एवढाच शेरा मारून त्यांच्याकडे पाठवला होता. ईमेलमध्ये सर्व काही असल्यामुळे त्यांनी थेट जुळणीबद्दलच विचारले. एका संस्थापिकेने रात्री उत्तर दिले, “हो, दोनदा झालंय. कसं पकडता?” मी त्याच लयीत चार ओळींत उत्तर दिले. वित्तप्रमुखांनी मात्र तुटक लिहिले, तरी माझे उत्तर पूर्ण वाक्यांत आणि ‘आपण’ हेच संबोधन ठेवून असते. संक्षेप हा त्यांच्या वेळेचा भाग आहे, मला दिलेली सवलत नव्हे.

पदावरून सूर ठरवण्यालाही मर्यादा आहे. एका संस्थापकांनी माझ्या मोकळ्या ईमेलला अतिशय औपचारिक उत्तर दिले. त्यांची माहिती पुन्हा वाचली तेव्हा त्यांनी बरीच वर्षे बँकेत वरिष्ठ पदावर काढल्याचे दिसले. पुढचा ईमेल मी ‘आपण’ वापरून लिहिला, पण लांबी आणि एकच प्रश्न तसाच ठेवला. कारण आता ते बँकेत नव्हते आणि ईमेल स्वतःच वाचत होते.