भोलू, टिकली आणि ‘नाही रे भोलू!’

आमच्या बालवाडीत तीन ते सहा वर्षांची पंचवीस मुलं आहेत. त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा बाहुलीनाट्य लिहिलं, तेव्हा बाहुल्या एका संध्याकाळी तयार झाल्या. जुने पायमोजे, तोंडाला आतून पुठ्ठा आणि डोळ्यांना बटणं. तपकिरी मोज्याचं अस्वल म्हणजे भोलू आणि पिवळ्या मोज्याची चिमणी म्हणजे टिकली. संहितेला मात्र तीन आठवडे लागले.

पहिल्या खर्ड्यात टिकली म्हणायची, ‘भोलूदादा, तुला काहीच कसं कळत नाही बरं?’ मुलांनी हे तिच्याबरोबर म्हणावं अशी माझी कल्पना होती. प्रयोगात दोन मोठ्या मुली शेवटचं ‘बरं’ तेवढं म्हणाल्या, बाकी सगळी नुसती बघत राहिली. ‘पान’ या शब्दावरचा विनोदही तसाच गेला. झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान हा खेळ कळायला दोन्ही अर्थ एकदम डोक्यात असावे लागतात. तीन वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. पण रोज हाताळलेल्या वस्तूला कोणी भलतंच नाव दिलं, तर त्याला ते लगेच खटकतं आणि हसू येतं.

म्हणून मी सगळं खोडून एकाच गोष्टीवर आले. भोलूला वाटतं आपल्याला सगळं येतं, आणि तो प्रत्येक वस्तूचं नाव चुकवतो. मुलांचं वाक्य ठरलं, ‘नाही रे भोलू, नाही रे!’ टाळीवर म्हणून बघा, ते आपोआप ठेक्यात बसतं.

भोलू : (चमचा घेऊन) मला सगळं येतं! हा माझा कंगवा!
टिकली : मुलांनो, हा कंगवा आहे?
मुलं : नाही रे भोलू, नाही रे!
भोलू : (गाळणी डोक्यावर ठेवून) मग ही माझी टोपी!
टिकली : मुलांनो, ही टोपी आहे?
मुलं : नाही रे भोलू, नाही रे!

टिकलीचा प्रश्न दर वेळी त्याच चालीत यायला हवा. मी एकदा ‘काय वाटतं तुम्हाला?’ असं बदलून विचारलं, तर मुलं गोंधळून गप्प झाली. प्रश्न झाला की टिकली मुलांकडे वाकते आणि मी मनात ‘एक, दोन’ मोजते. लहानगी मोठ्यांचं ऐकून मग म्हणतात, त्यांचा आवाज मागून येतो. तेवढं न थांबता पुढचं वाक्य टाकलं, की ते गोंगाटात बुडतं.

सुरुवातीला टिकली एकटीच येऊन हे वाक्य तीनदा म्हणून घेते. एकदा मोठ्याने, एकदा कुजबुजत, पुन्हा मोठ्याने. कुजबुजीचा उपयोग पुढे होतो. दंगा वाढला की टिकली म्हणते, ‘भोलू झोपला...’ आणि मुलं तोंडावर बोट ठेवून ‘शूऽऽ’ करतात. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण गप्प बसणं नाटकातच मोडतं.

खरी पंचाईत हातांची होती. दोन्ही हात बाहुल्यांत, मग कागद कोण उलटणार? आता मी मोठ्या अक्षरांत लिहून संहिता पडदा म्हणून बांधलेल्या चादरीच्या आतल्या बाजूला चिमट्यांनी लावते. वस्तू खाली पाटावर, लागतील त्याच क्रमाने. त्या उचलणारा भोलू उजव्या हातात असतो. एक बाहुली बोलताना दुसरी स्थिर राहून तिच्याकडे बघते. दोन्ही हलल्या, की कोण बोलतंय ते मुलांना कळत नाही. आणि तोंड उघडताना अंगठा खाली न्यायचा. वरची बोटं उचलली, की भोलू छताशी बोलतोय असं दिसतं.

सगळ्यांत चांगला विनोद मला सुचलेला नाही. चौथ्या प्रयोगात हात भरून आले होते. भोलूने चमचा उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हा माझा चमचा!’ टिकलीने ठरल्याप्रमाणे विचारलं, ‘मुलांनो, हा चमचा आहे?’ सवयीने सगळी ओरडली, ‘नाही रे भोलू, नाही रे!’ मग एकदम शांतता. पुढच्या रांगेतली एक चार वर्षांची मुलगी उभी राहून म्हणाली, ‘अगं, चमचाच आहे!’ आणि अख्खी खोली हसत सुटली.

तेव्हापासून ते संहितेत आहे, पण दोन वस्तू चुकवून झाल्यावरच. एकाच चुकीनंतर आणलं, तर ओरडायची सवय लागलेली नसते आणि मुलं सरळ ‘हो’ म्हणून टाकतात. पाच वस्तू घेतल्या, तर ती प्रश्नाआधीच ओरडू लागतात. म्हणून कंगवा, टोपी आणि मग खरा चमचा, एवढंच. दहा मिनिटांत नाटक संपतं. पडद्यामागून बाहेर आले, की मुलं भोलूपुढे चप्पल, डबा, पाटी, हाताला लागेल ते धरून उभी असतात.