गोळी चालू आहे, तरी पायात गुठळी का होते?

"डॉक्टर, बाबांची बायपास होऊन तीन महिने झाले. आता ताईकडे न्यू जर्सीला जायचं चाललंय. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल रोज घेतातच, म्हणजे रक्त पातळच आहे. मग विमानात पायात गुठळी व्हायची भीती नाही ना?"

भीती थोडी आहे, आणि या दोन गोळ्यांवर विसंबून ती सोडून देता येणार नाही. बायपास किंवा स्टेंट झालेल्या जवळजवळ प्रत्येक घरात मला हा समज दिसतो, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत रक्त जोरात वाहत असतं. तिथल्या चरबीच्या थराला तडा गेला की रक्तातल्या प्लेटलेट त्या जागी चिकटतात, एकावर एक साचतात आणि वाट बंद होते. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. त्यांचं काम एवढंच, आणि ते त्या चोख करतात. पायातल्या शिरेत गोष्ट वेगळी आहे. तिथे रक्त खालून वर, हृदयाकडे, संथपणे चढत असतं. ते रेंगाळलं तर त्यातली गोठण्याची रसायनं जागी होतात आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते. या गुठळीत प्लेटलेटचा वाटा कमी असतो, त्यामुळे प्लेटलेटवरच्या गोळीचा उपयोगही मर्यादित राहतो. अशी गुठळी रोखणारी औषधं निराळी आहेत: वॉरफरिन, अ‍ॅसिट्रॉम, अ‍ॅपिक्साबॅन, किंवा पोटावर टोचायचं हेपारिनचं इंजेक्शन. ज्यांना धातूची झडप बसवली आहे किंवा ज्यांचे ठोके अनियमित पडतात, ते यातलं काहीतरी घेत असतात आणि त्यांना बऱ्यापैकी संरक्षण असतं. तुमच्या बाबांना ते नाही.

शिरेतलं रक्त वर ढकलण्याचं काम पोटरीचा स्नायू करतो. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर पिळली जाते, आणि शिरेतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. खुर्चीत गुडघे वाकवून बसलं की हा पंप थांबतो, वर सीटची कड गुडघ्यामागची शीर दाबते. म्हणून हा आजार एकट्या विमानाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, गाडी, बस की रेल्वे, असं त्यांत दिसलं. निरोगी माणसात दुप्पट होऊनही हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतकंच राहतं. पण वय, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अशक्त पंपिंग, आधी कधी झालेली गुठळी यांतलं एकेक कारण जोडलं गेलं की आकडा वर सरकतो.

आता विमानातल्या हवेबद्दल. केबिनमधला दाब जमिनीवरच्यासारखा ठेवलेला नसतो. तो सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे तुमचे बाबा पंधरा तास कळसूबाईच्या शिखराहूनही वर बसून राहणार. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन तीन-चार अंकांनी कमी दिसेल आणि हृदय थोडं भरभर चालेल. स्थिर झालेल्या हृदयाला हे झेपतं. झेपेल की नाही हे बघायची साधी रीत अशी: घरचा एक जिना किंवा सपाटीवर पन्नास मीटर नेहमीच्या चालीने, धाप न लागता, छातीत न दुखता जमतंय का? जमत असेल तर केबिनमधली हवा सहसा आडवी येत नाही. बायपासनंतर निदान दहा दिवस विमान टाळायला सांगतात, कारण छातीत राहिलेली हवा वर गेल्यावर फुगते. तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. (लेहचा प्रश्न वेगळा. तिथे दिल्लीहून तासा-सव्वा तासात थेट साडेअकरा हजार फुटांवर उतरून दिवसचे दिवस राहायचं आणि फिरायचं असतं. ज्यांना पर्वती न थांबता चढता येत नाही, त्यांना मी लेहला जाऊ नका असं स्पष्ट सांगते, आणि जे जातात त्यांनी पहिले दोन दिवस हॉटेलातच काढावेत.)

मागे कोथरूडचे एक काका याच तयारीने आले होते. वय ६८, बायपास होऊन तीन महिने, मधुमेह, टूडी इकोत पंपिंग ४० टक्के, सकाळी लघवी वाढवणारी एक लॅसिक्स. डाव्या पायातली शीर काढून हृदयाला जोडलेली, त्यामुळे तो पाय संध्याकाळी थोडा सुजायचा. मुलीचं बाळंतपण होतं, तिकिटं काढून झाली होती. काका म्हणाले, "विमानात तासातासाला उठेन, बाकी काय?" मी त्यांना प्रवास कोथरूडपासून मोजायला लावला. कॅबने मुंबई विमानतळ चार तास, तिथे खुर्चीवर तीन तास, मग नेवार्कपर्यंत पंधरा-सोळा तास, आणि शेवटी मुलीच्या घरापर्यंत पुन्हा गाडी. विमानात बसायच्या आधीच चार तासांची मर्यादा गाठली जात होती. म्हणून पहिली सूचना एक्सप्रेसवेसाठी होती: फूड मॉलला थांबायचंच, चहा घ्यायचा नसला तरी खाली उतरून दहा मिनिटं चालायचं.

सुजणारा डावा पाय ही खरी अडचण होती. शीर काढलेला पाय बरेच महिने सुजतो आणि त्यात काही गैर नसतं. पण गुठळीनेही एकच पाय सुजतो. न्यू जर्सीत तो सुजला तर फरक कसा ओळखायचा? त्यासाठी जाण्याआधी दोन गोष्टी केल्या. दोन्ही पायांचा डॉपलर केला, शिरा मोकळ्या निघाल्या. मग शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. गुडघ्याच्या वाटीखाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनाने खूण करायची आणि तिथे टेप गुंडाळायची. डावी ३६.५, उजवी ३५. हे आकडे काकूंच्या वहीत लिहिले. दोन पोटऱ्यांमधला फरक तीन सेंटिमीटरच्या वर गेला तर गुठळीचा संशय बळावतो. काकांचा दीड सेंटिमीटर आधीचाच होता, हे कागदावर असणं महत्त्वाचं.

घट्ट मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग, ही लांबच्या प्रवासातली सर्वांत उपयोगी वस्तू. गुडघ्यापर्यंतचे पुरतात, मात्र मापाचे हवेत, आणि माप सकाळी पाय उतरलेला असताना घ्यावं. हृदयरोग्याने ते परस्पर दुकानातून आणू नयेत. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या, त्याच्या पायाच्याही तुंबलेल्या असू शकतात, आणि अशा पायावर घट्ट मोजा चढवला तर पावलाचं रक्त तुटतं. मधुमेहात बधिरपणामुळे ते कळतही नाही. काकांच्या पावलांची नाडी दोन्हीकडे नीट लागली आणि घोट्याचं ब्लडप्रेशर हाताच्या बरोबरीचं आलं, तेव्हाच मोजे दिले.

हेपारिनच्या इंजेक्शनचा विचार केला आणि सोडून दिला. महिन्याभरात मोठं ऑपरेशन झालेलं असतं किंवा आधी कधी गुठळी झालेली असती, तर दिलं असतं. आधीच दोन गोळ्या चालू असताना तिसरं औषध घातलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि काकांच्या बाबतीत तो फायद्यापेक्षा मोठा होता. झोपेची गोळी मात्र मी ठामपणे नाकारली. तिने माणूस सहा तास एका कुशीवर, पाय मुडपून पडून राहतो.

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला सगळे देतात, आणि पंपिंग कमी असलेल्यांना तो चुकीचा आहे. त्यांना जेवढी मर्यादा आखून दिली असेल तेवढंच, थोडं थोडं प्यावं. उलट बाजूची चूक त्याहून जास्त दिसते: बाथरूमला उठायला नको म्हणून लोक पाणीही बंद करतात आणि लॅसिक्सही. लॅसिक्सचा जोर सहाएक तासांत संपतो. काकांचं विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. सकाळी सातची गोळी कॅब येण्याआधीच काम आटोपून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशीची गोळी विमानात न घेता नेवार्कला उतरल्यावर, मुलीकडे नाश्त्याबरोबर घेतली. मध्ये काही तास जास्त गेले, पण त्यांच्या प्रकृतीत ते चालण्यासारखं होतं. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेलचंही तेच वेळापत्रक ठेवलं, कारण त्यांचा परिणाम काही तासांत ओसरत नाही. अ‍ॅपिक्साबॅन घेणाऱ्यांनी असं करू नये. ती बारा-बारा तासांनीच घ्यायची असते.

सीट मार्गिकेलगतची घेतली. जागेपणी तासाला एकदा उठायचं, आणि बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा करायचं. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली, कारण विमानतळावर सामान ओढत लांबवर चालण्यानेच हृदयावर जास्त ताण येतो. गोळ्या, डिस्चार्ज कार्ड आणि ईसीजीची प्रत हातातल्या बॅगेत.

गुठळी बहुधा प्रवासात कळत नाही. ती नंतरच्या दोनेक आठवड्यांत डोकं वर काढते, आणि थोडा धोका आठ आठवड्यांपर्यंत राहतो. तोवर सगळे प्रवास विसरलेले असतात. हृदयरोग्याचं आणखी एक होतं: गुठळी फुप्फुसात गेली की अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत टोचतं, कधी भोवळ येते, आणि घरच्यांना वाटतं की हे हृदयाचंच. काकांच्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं की असं काही झालं तर वाट न बघता ९११ ला फोन करायचा, आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं की हे भारतातून विमानाने आलेत आणि यांची बायपास झाली आहे.

आठव्या दिवशी तिचा फोन आला, बाबांचा डावा पाय सुजलाय. टेप लावायला सांगितली. डावी ३७, उजवी ३५.५, म्हणजे फरक तोच दीड. पोटरी दाबून दुखत नव्हती, गरम नव्हती, आणि सकाळी सूज उतरत होती. दोन्ही पाय थोडे भरले होते, म्हणून मी खाण्याचं विचारलं. मुलीकडे लोणचं, पापड आणि डब्यातलं सूप रोज चालू होतं. मीठ कमी केल्यावर चार दिवसांत दोन्ही आकडे जुन्या जागी आले. फरक वाढला असता किंवा पोटरी दुखली असती, तर त्याच दिवशी डॉपलर करायला पाठवलं असतं. टेप संशय घ्यायला पुरते, संशय फेडायला नाही.

तुमच्या बाबांना येत्या आठवड्यात सकाळी, पाय उतरलेले असताना घेऊन या. टेप घरचीच आणा, जी सोबत न्यायची आहे.