५६.६८ की ६.६८?

सोलापुरातल्या आमच्या बी.एड. कॉलेजात शैक्षणिक संख्याशास्त्राचे पेपर तपासत होतो. गणित साधंच होतं: १०० गुणांची परीक्षा, सरासरी ५२, प्रमाण विचलन १२, वितरण प्रसामान्य, ७० पेक्षा जास्त गुण किती टक्के विद्यार्थ्यांना? उत्तरं मात्र दोन आली, ६.६८ आणि ५६.६८ टक्के.

पहिली पायरी सगळ्यांची बरोबर होती. ७० वजा ५२ म्हणजे १८, भागिले १२, झेड १.५०, म्हणजे ७० हे सरासरीच्या दीड प्रमाण विचलन वर. घोळ झेडवरून वक्राखालचं क्षेत्रफळ काढायच्या तक्त्यात झाला होता. परीक्षेत दिलेल्या तक्त्यात डावीकडच्या रकान्यात १.५ ची ओळ, वर .०० चा रकाना, तिथे ०.४३३२. हे क्षेत्रफळ सरासरीपासून झेडपर्यंतचं. उजवा अर्धा भाग ०.५, त्यातून ०.४३३२ वजा केलं की ०.०६६८ उरतात. काहींनी ०.४३३२ हे ०.५ ऐवजी १ मधून वजा केलं. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "सर, गाईडात तसंच आहे." गाईड उघडलं. खरंच तसंच होतं, पण त्यातला तक्ता वेगळा होता: १.५० ला ०.९३३२, म्हणजे अगदी डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ. तिथे १ मधूनच वजा करायचं.

म्हणून तक्ता हातात आला की आधी झेड ०.०० समोर काय छापलंय ते बघावं. ०.०००० असेल तर तो सरासरीपासून मोजतो. ०.५००० असेल तर एक ओळ खाली उतरावं: आकडे वाढत असतील तर डावीकडून, कमी होत असतील तर थेट वरच्या टोकाचंच क्षेत्रफळ दिलंय, काही वजा करायचं नाही.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ७० हे सरासरीच्या वर आहे. त्याच्यावर निम्म्याहून जास्त मुलं असतीलच कशी? प्रसामान्य वितरणाचा घंटेसारखा वक्र काढून ७० च्या उजवीकडचं शेपूट पेन्सिलीने रंगवलं असतं, तर ५६ लिहायला हात धजला नसता. गुण सरासरीखाली असेल तर उलट. ३५ च्या वर किती? झेड उणे १.४२. आमच्या तक्त्यात उण्या किमती नाहीत. वक्र दोन्हीकडे सारखा, म्हणून १.४२ चेच ०.४२२२ घ्यायचे आणि आता ०.५ मध्ये मिळवायचे: ९२.२२ टक्के.

एका मुलीने ७० ऐवजी ७०.५ धरलं होतं. झेड १.५४, उत्तर ६.१८ टक्के. तिला पूर्ण गुण दिले. गुण पूर्णांकात असतील तर "७० पेक्षा जास्त" म्हणजे ७१ पासून पुढे, आणि ७० व ७१ मधली सीमा ७०.५. "७० किंवा जास्त" असतं तर ६९.५ धरून ७.२१ टक्के आले असते. प्रश्नात तसं स्पष्ट लिहायला हवं होतं; पेपर मीच काढला होता.